आईच्या उजव्या पायाचा चवडा जमिनीला अडकतो : हलके आणि पायात पक्के बसणारे बूट कसे निवडायचे?

सायली_सातारा
नमस्कार. आईला (वय ६६) फेब्रुवारीत पक्षाघात झाला, उजवी बाजू. बोलणं बरंचसं परत आलंय. उजवा हात अजून कामाचा नाही. काठी घेऊन चालते, पण पाऊल पुढे टाकताना उजवा चवडा खाली लोंबतो आणि बोटं फरशीला घासतात. उंबऱ्यापाशी तर हमखास अडकतात. फिजिओंनी एएफओ करून दिलाय, म्हणजे चवडा उचलून धरणारा, पोटरीमागून तळव्याखाली जाणारा प्लास्टिकचा आधार. तो चपलेत बसत नाही, बूटच हवा म्हणाले.

आई जन्मभर चपला घालत आली आहे. "मी काय शाळेत जाणारे का?" असं म्हणते. तरी दुकानात नेलं. तिथल्या माणसाने फोमचे क्लॉग दाखवले, एक पाय जेमतेम १६० ग्रॅम. दुसरा स्पोर्ट्स शू, तो ३९० ग्रॅम. (हो, घरी आणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले, परत करायच्या बोलीवर आणले होते.) हलका घ्यावा की पायात घट्ट बसणारा? आणि बूट बदलल्याने अडकणं खरंच थांबतं का?

अण्णा_नाशिक
सायलीताई, आमच्या वडील बंधूंना हाच त्रास होता. माझा सल्ला ऐका : नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठा घ्या म्हणजे एएफओ आरामात बसतो, आणि सोल चांगला खोल खाचांचा, ग्रिपवाला घ्या. घसरून पडण्याची भीती मोठी. बाकी तेलाने मालिश चालू ठेवा.

गिरीभ्रमर
टाचदुखीसाठी मी जेलचे हील कप वापरतो, फार आराम आहे. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना कळ येते ना त्यांना? बाटली बर्फात ठेवून तळव्याखाली फिरवायची.

सायली_सातारा
गिरीभ्रमर, टाच दुखत नाहीये हो. पाऊल उचललंच जात नाही.

गिरीभ्रमर
ओह, घाईत वाचलं. माफ करा.

कॅलिपर
मी ऑर्थोटिस्ट आहे. कंबरपट्टे, स्प्लिंट, एएफओ बनवण्यात बरीच वर्षं गेली. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो : कुठलाही बूट चवडा उचलत नाही. उचलून धरायचं काम एएफओचं. बुटाने फक्त तीन गोष्टी करायच्या. एएफओला आणि टाचेला जागच्या जागी धरून ठेवायचं, पायाची लांबी वाढवायची नाही आणि टोक टेकलंच तर अडकायचं नाही, सरकून जायचं.

धडधाकट माणसाचाही चवडा पाऊल पुढे जाताना जमिनीपासून साधारण एक-दीड सेंटिमीटरच वर असतो. म्हणजे सगळ्यांचंच काम थोडक्यात निभावत असतं. आईंच्या बाबतीत तेवढं अंतरही उरत नाही. म्हणून अण्णांच्या सल्ल्यातला अर्धा भाग घ्या. एएफओला जागा हवी हे बरोबर. पण ती जागा उंचीत आणि रुंदीत हवी, लांबीत नाही. नंबर वाढवला की बोटांपुढे रिकामं टोक वाढतं आणि नेमकं तेच उंबऱ्याला लागतं. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीपेक्षा कमी, एखाद सेंटिमीटर मोकळं पुरे. बूट खोल हवा आणि आतला सोल काढता येणारा हवा. एएफओ घातल्यावर तो आतला सोल काढून टाकायचा.

आणि इथे एक गंमत आहे, जी दुकानात कोणी सांगत नाही. एएफओच्या प्लास्टिकमुळे उजवा पाय तीन-चार मिलिमीटरने लांब होतो. लांब झालेला पाय जास्त घासतो. उजव्या बुटातला सोल काढला आणि डाव्यात तसाच ठेवला, की दोन्ही पाय पुन्हा सारखे होतात. फार साधी गोष्ट, पण कित्येकांचे दोन्ही सोल आतच असतात किंवा दोन्ही काढलेले असतात.

ग्रिपबद्दल : तळाला, विशेषतः टाचेखाली, ग्रिप हवीच. टोकाला नको. मऊ रबराचं टोक गुळगुळीत फरशीवर टेकलं की चिकटतं, आणि वरचं शरीर पुढे जात राहतं. पडतात ते असे.

अण्णा_नाशिक
बरं, पण मग ओल्या अंगणात काय? टोक गुळगुळीत केलं तर घसरणार नाही का?

कॅलिपर
अण्णा, फक्त पुढची दोन-तीन सेंटिमीटर. त्यामागे चवड्याचा गादीसारखा भाग आहे, त्यावर वजन येतं, तिथे हात लावायचा नाही. शंका मात्र रास्त आहे. ओल्या फरशीवर कसंही चालताना मी काठीसोबत माणूसही जवळ ठेवायला सांगतो. आणि जिना उतरताना टोक घासलेला बूट मलाही फारसा आवडत नाही.

डाव्या_हाताचा_जोशी
मी स्वतः पक्षाघाताचा. उजवी बाजू, चार वर्षं झाली. एका हाताने टाइप करतो, त्यामुळे थोडक्यात.

क्लॉग घेऊ नका. मी घेतले होते. हलके होते, पण टाच मागून निसटते. निसटू नये म्हणून बोटं आपोआप आवळली जातात, आणि एकदा आवळली की सुटत नाहीत. बोटांच्या टोकाला घट्टे पडले. हलकेपणाचं कौतुक चार दिवसांचं.

दुसरं, बूट चढवायचा कसा हे आधी बघा. माझा पाय खाली वाकलेला, बोटं आत वळलेली. साध्या बुटाच्या तोंडात जायचाच नाही. पार बोटांपर्यंत उघडणारा बूट हवा. लांब दांड्याचा शू हॉर्न घ्या.

सायली_सातारा
जोशीकाका, हे फारच उपयोगाचं. आईचीही बोटं आत वळतात, आणि चालताना पाऊल बाहेरच्या कडेवर पडतं. एएफओ आधी पायाला बांधायचा की आधी बुटात घालून ठेवायचा?

डाव्या_हाताचा_जोशी
मी बुटात घालून ठेवतो. मग पाय सरकवतो. एका हाताने तेच जमतं.

कॅलिपर
मी उलट शिकवतो : आधी एएफओ, टाच पूर्ण मागे टेकवून घोट्याजवळचा पट्टा लावायचा, मग बूट. टाच वर राहिली तर एएफओचा उपयोगच जातो आणि बुटात ते दिसत नाही. पण एकट्याने, एका हाताने घालणाऱ्याला जोशींची पद्धत सोपी पडते हे मान्य. आईंना घालून द्यायला कोणी असेल तर माझी पद्धत वापरून बघा.

पाऊल बाहेरच्या कडेवर पडतं म्हणालात म्हणून सांगतो. अशा पायाला फार मऊ, गुबगुबीत सोलचा स्पोर्ट्स शू वाईट. वजन बाहेर गेलं की सोल त्याच बाजूला दबतो आणि घोटा आणखी मुरगळतो. सोल जरा कडक आणि रुंद बुडाचा हवा. दुकानात बूट दोन्ही हातात धरून पिळून बघा. ओल्या फडक्यासारखा पिळला जात असेल तर परत ठेवा. वाकवला तर बोटांच्या सांध्यापाशी वाकावा, मधोमध नाही. टाचेमागची भिंत दोन अंगठ्यांनी दाबा, ती आत जाता कामा नये.

आणि एक चाचणी माझी आवडती. रिकामा बूट टाचेकडून धरा, टोक खाली करा, आणि दुकानाच्या फरशीवरून पुढे ओढा. अडखळत, आवाज करत जात असेल तर पायातही तसाच जाईल. टोक किंचित वर उचललेलं असेल तर सहज सरकतो. बूट टेबलावर ठेवला की टोकाखाली करंगळी जावी, एवढा उचल मला बरा वाटतो.

प्रज्ञा_फिजिओ
कॅलिपर सरांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत. एकच भर. सायलीताई, आईंचा चालतानाचा व्हिडिओ काढा. बाजूने, मोबाइल जमिनीलगत ठेवून. त्यात गुडघा बघा. पाऊल पुढे येताना गुडघा नीट वाकतोय आणि फक्त चवडा लोंबतोय, तर एएफओ आणि बूट यांनी बराच फरक पडेल. पण गुडघा ताठच राहतो आणि सगळा पाय बाहेरून अर्धगोल फिरून येतो, किंवा कंबर वर उचलून पाय ओढला जातो, तर बोटं घासण्याचं कारण निम्मं वर आहे. तिथे कितीही चांगला बूट घेतला तरी अडकणं पूर्ण थांबणार नाही. तो व्यायामाचा आणि स्नायूंच्या ताठरपणाच्या उपचारांचा विषय आहे.

जुन्या चपला फेकल्या नसतील तर त्याही बघा. उजव्या चपलेची पुढची बाहेरची कड घासलेली दिसेल. किती घासली आहे ते दरवेळी डॉक्टरांना दाखवा.

सायली_सातारा
व्हिडिओ काढला. गुडघा वाकतोय, पण सकाळी जास्त, संध्याकाळी कमी. संध्याकाळी पाय थोडा बाहेरून फिरतो. चपलेची बाहेरची कड अगदी सांगितलंत तशीच, करंगळीच्या बाजूला पातळ झालीये.

न्यूजर्सीची_काकू
आमच्याकडे घरभर कार्पेट. सासऱ्यांचा बूट फरशीवर ठीक चालायचा, कार्पेटवर मात्र दर दोन पावलांना टोक रुतायचं. इथल्या दुरुस्तीवाल्याने टोकाखाली गुळगुळीत चामड्याचा छोटा तुकडा चिकटवला, बरंच सुधारलं. साताऱ्यात कार्पेट नसणार, पण मोचीकडून हे करून घेता येईल असं वाटतं.

बुटांचं वजन मात्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जड बूट घातले की सासरे दिवेलागणीला पाय उचलायचेच बंद करायचे.

कॅलिपर
काकू, वजन महत्त्वाचं आहेच, पायाच्या टोकाला बांधलेले १०० ग्रॅम कंबरेला बांधलेल्या १०० ग्रॅमपेक्षा कितीतरी जड पडतात. पण मी क्रम असा लावतो : आधी टाच पक्की, मग टोक, मग वजन. १६० ग्रॅमचा निसटणारा क्लॉग आणि ३९० ग्रॅमचा घट्ट शू यात मी दोन्ही नाकारीन. आईंच्या मापात खोल, टाचेमागे कडक भिंतीचा वेलक्रोवाला बूट २५० ते ३०० ग्रॅममध्ये मिळतो.

कोल्हापूरकर_बाळू
एवढं कशाला? मागे पट्टा असलेली सँडल घ्या की! पावसात वाळते पण लवकर. आमच्या आत्याला तीच चालते.

प्रज्ञा_फिजिओ
बाळूदादा, आत्यांना एएफओ आहे का? बिनएएफओच्या, सौम्य त्रासाच्या माणसाला मागे पट्टा, पुढे बंद टोक असलेली सँडल चालू शकते. उघड्या टोकाची नको. बोटं लोंबून पुढे आली की सोलच्या कडेवरून खाली जातात, आणि नख उलटतं. पायाला संवेदना कमी असेल तर कळतही नाही, रक्त दिसल्यावर कळतं.

कोल्हापूरकर_बाळू
आत्याला एएफओ नाही. संवेदनेचं विचारतो.

सायली_सातारा
बूट घेतला, त्याचा वृत्तान्त. एएफओ आणि मोजा सोबत नेला, संध्याकाळी गेलो, कारण आईचा उजवा पाय संध्याकाळी सुजतो. दुकानदाराने आधी एक नंबर मोठाच काढला. आईचं माप ५. एएफओ घालून ५ नंबरच्या नेहमीच्या बुटात पाय गेलाच नाही, ६ मध्ये गेला, पण पुढे दोन बोटं रिकामं. मग मधुमेहींसाठीचे जे खोल, रुंद बूट असतात त्यातला ५ मागितला. आतला सोल काढल्यावर एएफओसकट बसला. दोन वेलक्रो पट्टे, पार पुढपर्यंत उघडतो, काटा २७० दाखवतो. काळा आहे, आईला पटवताना "देवळात चाललीस की कोणी बघणार नाही" म्हटलं, त्यावर "देवळात बूट बाहेरच काढतात" हे उत्तर आलं.

रिकामा ओढून बघितला, थोडा अडखळतो. डाव्या बुटात सोल तसाच ठेवला आहे, फरक आईलाच जाणवला. "आता दोन्ही पाय एका उंचीचे" म्हणाली.

दोन अडचणी. एक, वेलक्रोचा पट्टा आतून बाहेर, उजवीकडे ओढायचा आहे. आईचा डावाच हात चालतो, वाकून पलीकडे ओढताना जोर लागत नाही. दोन, घरात काय? घरात बूट घालून स्वयंपाकघरात आणि देवापाशी जायला ती तयार नाही. नुसता एएफओ घातला तर प्लास्टिक फरशीवर घसरतं.

डाव्या_हाताचा_जोशी
पट्ट्याचं मोचीकडून करून घ्या. बाहेरच्या बाजूला चौकोनी कडी शिवायची. पट्टा कडीतून ओवून परत आत वळवायचा. मग तो डावीकडे, स्वतःकडे ओढला जातो. डाव्या हाताला नेमकं हेच हवं. पट्ट्याच्या टोकाला शिवलेली गाठ ठेवा, म्हणजे कडीतून पूर्ण बाहेर येत नाही. नाहीतर रोज ओवत बसाल.

कॅलिपर
जोशींनी सांगितलंय ते उत्तम. मोचीकडे जालच तर टोकाची खालची कड मशीनवर गोल करून घ्या. आधी थोडीच, दोन-तीन मिलिमीटर, मग चालवून बघून पुन्हा. काढलेलं रबर परत येत नाही.

घरातलं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे. घरासाठी वेगळा, बाहेर कधीच न गेलेला, धुतलेला जोड. आईंना तो घरातला म्हणूनच द्या. एक मात्र सांभाळा, दोन्ही जोडांची टाच आणि चवडा यांच्या जाडीतला फरक सारखाच हवा. एएफओ एका ठरावीक टाचेच्या उंचीवर बेतलेला असतो. घरचा जोड अगदी सपाट घेतला तर नडगी मागे ढकलली जाते आणि गुडघा मागे वाकू लागतो. जास्त उंच घेतला तर गुडघा पुढे मोडल्यासारखा होतो. आई म्हणतील "घरात गुडघा मागे जातोय", तर आधी बुटाची टाच मोजा.

प्रज्ञा_फिजिओ
मी इथे थोडी वेगळी. देवघरापाशी दोन मिनिटं खुर्चीत बसून, बूट काढून नमस्कार करायला काय हरकत? चालायचं नाही, एवढंच. माणसाला त्याच्या सवयी सोडायला लावल्या की तो एएफओच टाकून देतो, हे मी खूप पाहिलंय. स्वयंपाकघरात मात्र कॅलिपर सरांचंच ऐका, तिथे ओलं असतं.

कॅलिपर
बसून असेल तर मान्य. माझ्याकडे मात्र "दोन मिनिटंच अनवाणी गेले होते" म्हणणारे खुब्याचं हाड मोडूनच येतात, म्हणून मी कडक आहे.

सायली_सातारा
मोचीने कडी शिवली, टोकही थोडं गोल केलं. आता आई पट्टा स्वतः लावते. साडीचा काठ मात्र एकदा बुटाच्या टोकाखाली आला. सध्या घोट्याच्या वर नेसायला लावतेय, किंवा गाउन. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने मोजा काढून बघितला, बाहेरच्या घोट्यावर रुपयाएवढी लाली होती.

कॅलिपर
वीसेक मिनिटांत गेली का?

सायली_सातारा
नाही, रात्रीपर्यंत फिकट दिसत होती. आईला मधुमेहही आहे.

कॅलिपर
मग तोवर एएफओ घालून चालवू नका. लगेच जाऊन दाखवा. बाहेरच्या घोट्यापाशी प्लास्टिक गरम करून थोडं बाहेर फुगवतात, पाच मिनिटांचं काम आहे. ज्यांनी बनवला त्यांच्याकडेच जा. नसेल जमत तर मुंबईत हाजी अलीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनमध्ये ऑर्थोटिक विभाग आहे. घरी कात्रीने किंवा मेणबत्तीने काही करू नका. बुटात कापूस कोंबूनही नाही, त्याने दाब वाढतो.

अण्णा_नाशिक
आमच्या बंधूंना आम्ही कापूसच कोंबला होता. काही झालं नाही हो.

प्रज्ञा_फिजिओ
नशीब चांगलं. अण्णा, त्यांच्या पायाला संवेदना असेल.

सायली_सातारा
उद्याची वेळ घेतली आहे. संध्याकाळचं अडकणं मात्र कमी झालं तरी आहेच. त्यासाठी बाहेरच्या कडेला सोलखाली पाचर लावून घेऊ का, मोची म्हणतो करून देतो.

कॅलिपर
पाचर पाऊल बाहेरच्या कडेवर वळू नये म्हणून असते, अडकणं थांबवायला नाही. शिवाय पाऊल हाताने सरळ करता येतंय की ताठ झालंय यावर पाचर कुठे लावायची ते ठरतं, आणि ते बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. उद्या जाताय तर बूट, एएफओ आणि तो संध्याकाळचा व्हिडिओ तिन्ही घेऊन जा.

न्यूजर्सीची_काकू
सायली, तो मधुमेहींचा बूट पावसात भिजल्यावर किती वेळात वाळतो ते नंतर लिही. सासूबाई ऑगस्टमध्ये पुण्याला येणार आहेत, त्यांच्या बहिणीलाही हाच त्रास सुरू झालाय.